गुलाबी चालते

रंगाच्या कारखान्यात काम करणाऱ्याला लोक दोनच प्रश्न विचारतात. पगार किती, आणि कपडे कसे धुता. पहिल्याचं उत्तर मी कधी कुणाला दिलं नाही. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं: धुवून उपयोग नसतो, म्हणून कामावरचे कपडे कामावरच ठेवायचे आणि घरी येताना शक्यतो दुसरा माणूस होऊन यायचं.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कंपनीत मी तेव्हा तपासनीस होतो. तयार झालेल्या रंगाचा नमुना प्रयोगशाळेत आणायचा आणि त्याचा कस बघायचा, हे माझं काम. आमचे रंग जायचे कापडाला, पतंगाच्या कागदाला, उदबत्तीच्या काड्यांना. प्रत्येक पिंपावर ठळक अक्षरांत छापलेलं असे की हा रंग खाण्यासाठी नाही. त्यातला एक गुलाबी होता. तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. त्याची कोरडी पूड गुलाबी दिसतच नाही, हिरवट जांभळी दिसते, आणि उडून लादीवर बसली तर मुळीच दिसत नाही. लादी स्वच्छ वाटते. सकाळी झाडूवाली ओलं फडकं फिरवायची आणि तिच्या फडक्यामागून लादी गुलाबी होत जायची. आदल्या पाळीत कोण कुठून कुठे चाललं होतं, कोण कुठे थांबलं होतं, कुणी भिंतीला हात टेकला होता, ते सगळं वर यायचं. चाललेली माणसं घरी जाऊन झोपलेली असायची. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन चहा प्यायचो.

आठवड्याची सुट्टी मिळाली की मी एसटीने रत्नागिरीला ताईकडे यायचो. भावजी आखातात नोकरीला, घरात ताई आणि तिची मुलगी. माझं लग्न व्हायचं होतं, त्यामुळे माझे लाड करायला आणि मला टोमणे मारायला ताईला भरपूर वाव होता. मांडवीत प्राथमिक शाळेसमोर तिचं छोटं दुकान होतं. वह्या, पेन्सिली, साबण, बिस्किटं आणि गोळ्यांच्या बरण्या. शाळा सुटली की अर्धी शाळा त्या बरण्यांवर नाकं टेकून उभी राहायची.

भाचीची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे आहे. ती पाच वर्षांची असताना एका मुंजीत तिने पिवळंधमक थंड पेय घेतलं. थोड्या वेळाने अंगावर गांधी उठल्या, आणि मग तिला श्वास घेता येईना. जिल्हा रुग्णालयात नेईपर्यंत तिचे ओठ निळे झाले होते. ताई त्या रात्रीबद्दल कधी बोलत नाही. डॉक्टर शांत स्वभावाचे होते, त्यांनी चार दिवस विचारपूस केली. याआधी अंगावर कधी उठलं होतं? तेव्हा काय खाल्लं होतं? ताईला आठवत गेलं. एकदा पिवळी जिलेबी, एकदा हिरवी गोळी, एकदा वाढदिवसाच्या केकवरचं पिवळं फूल. डॉक्टर म्हणाले, टार्ट्राझिन नावाचा एक पिवळा रंग आहे, कायद्याने चालतो, लाखो मुलं खातात आणि त्यांना काही होत नाही. थोड्यांना मात्र तो सोसत नाही, आणि दमा असलेल्यांत असं जास्त दिसतं. हिला दमा दिसतोय. पुन्हा झालं तर दर वेळी वेळेत पोचाल असं नाही.

त्या दिवसापासून ताई लेबलं वाचायला लागली.

वाचून कळायचं मात्र काही नाही. त्या काळात बहुतेक पाकिटांवर एवढंच असे: ‘परवानगी असलेला कृत्रिम रंग घातला आहे.’ आपल्याकडे तेव्हा आठ कृत्रिम रंगांना परवानगी होती. दोन पिवळे, तीन तांबडे, दोन निळे, एक हिरवा. त्यांपैकी कुठला, हे पाकिटाने सांगायचं कारण नव्हतं. आकडे पुढे काही वर्षांनी येऊ लागले, एकशे दोन म्हणजे टार्ट्राझिन, एकशे दहा म्हणजे दुसरा, नारिंगीकडे झुकणारा पिवळा. तोवर आमचं आम्हीच शोधायचं होतं, आणि रंगांतला एक माणूस घरात फुकट जेवत होता.

मी ताईला खडूची युक्ती दाखवली. गोळीचा रंग थेंबभर पाण्यात सोडवायचा, पांढऱ्या खडूवर खालून थोडं वर एक ठिपका द्यायचा, आणि खडू बशीत किंचित मिठाच्या पाण्यात उभा करायचा. ठिपका पाण्याच्या वर राहिला पाहिजे. पाणी खडूतून वर चढतं आणि जाताना रंग घेऊन जातं, पण सगळे रंग एका वेगाने जात नाहीत. हिरवी गोळी घेतली तर खडूवर एक निळा पट्टा आणि एक पिवळा पट्टा वेगळे होतात. ताई बघतच राहिली. हिरव्यात पिवळा लपलेला असतो हे लहान मुलालाही ठाऊक असतं, पण डोळ्यांसमोर तो हिरव्यातून बाहेर पडताना पाहणं वेगळं. मग तिला नादच लागला. चॉकलेटी गोळीतूनही पिवळा निघाला. आंब्याच्या नावाने विकलं जाणारं सरबत तर होतंच पिवळं. रोज संध्याकाळी ओट्यावर बशीत खडू उभे. मी चिडवायचो, ‘ताई, गिऱ्हाइकाला गोळी देतेस की खडू?’

‘तुला काय जातंय रे,’ ती म्हणायची. ‘तुझा पगार रंगाचा, माझं पोर रंगाने मरतंय.’

मी पुढचा खडू बशीत उभा केला.

शेवटी एक गोळी टिकली. बोराएवढी, गुलाबी, चांगल्या कंपनीची, प्लॅस्टिकच्या मोठ्या बरणीतून येणारी. खडूवर तिचा एकच तांबडा पट्टा उठला, पिवळा कुठे नाही. भाचीला एक दिली, मग दुसऱ्या दिवशी दोन. काही झालं नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक नियम झाला. पिवळी नाही, हिरवी नाही, नारिंगी नाही, चॉकलेटी नाही. गुलाबी चालते. भाची हे पाढ्यासारखं म्हणायची. वाढदिवसाला गेली की दारातच सांगायची, ‘काकू, मला गुलाबी चालते.’

आणि ते गल्लीभर झालं. आया ताईकडे यायला लागल्या. कुणाच्या मुलाला खाज उठायची, कुणाचा मुलगा रंगीत सरबत प्यायला की घर डोक्यावर घ्यायचा. ताई एकेकीला बरणीवरचं लेबल वाचून दाखवायची आणि मग स्वतःचं मत द्यायची. गोळी द्यायचीच तर ही द्या. तिचा शब्द लोक मानायचे, कारण तिने लेकीचे निळे ओठ बघितले होते हे सगळ्यांना माहीत होतं.

दोनेक वर्षं अशी गेली.

मग एका सुट्टीत मला पांढऱ्या बेसिनमध्ये गुलाबी ओघळ दिसला.

मी दात घासून चूळ भरली होती. ओघळ माझाच असणार असं वाटलं. कामावरून निघताना मी अंग घासून धुवायचो, नखं ब्रशने साफ करायचो, पण त्या पुडीचा भरवसा नाही. मी बेसिन पुसलं. दुपारी ताई उशांचे अभ्रे बदलत होती. भाचीच्या उशीवर, तोंड येतं तिथे, रुपयाएवढा डाग होता. ताई म्हणाली, ‘हा जातच नाही बघ. कुठल्या रंगात खेळते कोण जाणे.’ मी ओलं बोट लावून पाहिलं. डाग फुलला. तो रंग मी ओळखला. रोज सकाळी झाडूवालीच्या फडक्यामागून लादीवर उमटणारा.

म्हणजे मीच आणत होतो. माझ्या केसांतून, चपलांतून, कानामागून ती न दिसणारी पूड या घरात येत होती आणि मी जिला मांडीवर घ्यायचो तिच्या उशीवर उतरत होती. मी ताईला काही बोललो नाही. त्या संध्याकाळी भाची गळ्यात पडायला आली तेव्हा मी तिला दूर केलं. तिला ते कळलं. तिने विचारलं, ‘मामा, मी काय केलं?’

पुढच्या सुट्टीला आलो तो दारातच चपला काढून, मागच्या पडवीत आंघोळ करून, ताईने दिलेले भावजींचे कपडे घालून घरात शिरलो. लोट्याहून आणलेली पिशवी बाहेरच ठेवली. कारण सांगितलं तेव्हा ताई म्हणाली, तुला वेड लागलंय. तरी दुसऱ्या दिवशी बेसिनमध्ये पुन्हा गुलाबी. भांडी घासायच्या फडक्यावर गुलाबी. भाचीच्या रुमालावर गुलाबी. मग मी येणंच बंद केलं. ओव्हरटाइम आहे म्हणून सांगितलं. तीन सुट्ट्या खोलीवर पडून काढल्या, आणि ताईचा फोन आला की मागच्या आठवड्यात तू नव्हतास तरी उशी तशीच झाली.

मी आलोच नव्हतो. मग तो रंग कोण आणत होतं?

शाळेचं गॅदरिंग जवळ आलं होतं. शनिवारी दुपारी मी भाचीला आणायला शाळेत गेलो. तालीम सभागृहात चालली होती. दारावर आणि खिडक्यांवर काळं कापड मारलेलं. आत समुद्राचा नाच बसवत होते. बाईंनी मंडपवाल्याकडून जांभळ्या प्रकाशाच्या दोन नळ्या आणल्या होत्या, अंधारात ज्या लावल्या की फक्त पांढरं कापड निळसर पेटतं आणि बाकी काही दिसत नाही. मुलांच्या हातांत पांढऱ्या कागदाचे मासे होते. अंधारात मुलं नव्हतीच. नुसते मासे पोहत होते. मला बरं वाटलं, कल्पना छान होती.

मग बाईंनी पेटी धरली आणि मुलं गायला लागली.

माशांच्या वर, अंधारात, तोंडं उघडली. एक, मग दुसरं, मग पूर्ण रांग. चेहरे नाहीत, डोळे नाहीत. नुसत्या नारिंगी जिभा, निखाऱ्यासारख्या, आतून पेटलेल्या. ओठांच्या कडा पेटलेल्या. गाण्याच्या ओळीबरोबर त्या दिसायच्या आणि मिटायच्या. एका मुलाने नाक पुसलं तर त्याची बोटंही पेटलेली होती. मुलं एकमेकांकडे बघून हसत होती, आणि हसताना जास्तच दिसत होती. माझ्या शेजारी बाई म्हणाल्या, ‘गंमत आहे ना? आम्हाला माहीतच नव्हतं असं होतं म्हणून.’

मला माहीत होतं. आमच्या प्रयोगशाळेत त्याच प्रकाशाची एक पेटी होती आणि त्या गुलाबी रंगाचं पातळ द्रावण तिच्यात ठेवलं की अगदी असंच दिसायचं. रांगेत भाची कुठे आहे ते मला कळेना. सगळ्या जिभा सारख्याच होत्या.

मी कापड बाजूला केलं, उजेड आत आला आणि मुलं पुन्हा मुलं झाली. साधी, घामेजलेली, गुलाबी ओठांची. भाची धावत आली. मी विचारलं, ‘आज काय खाल्लंस?’ ती म्हणाली, ‘गुलाबी.’ आणि मग आपलं पाठ असलेलं पुढे म्हटलं, ‘गुलाबी चालते.’

दुकानात ताई गिऱ्हाईक करत होती. ते जाईपर्यंत मी थांबलो आणि मग सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, बरणी काढली आणि माझ्यासमोर आपटली. ‘वाच. कंपनीचं नाव आहे. परवानगी असलेला रंग लिहिलंय. तूच खडूवर बघितलंस.’

लेबल बरोबर होतं. गोळ्याही गुलाबी होत्या. मी बरणी हातात फिरवली. लेबलाचे कोपरे झिजून पांढरे पडले होते, बॅच क्रमांक तर अर्धा पुसलेला.

‘बरणी कधीची गो ही?’

‘पहिलीच आहे. झाकण घट्ट बसतं हिचं, मुंग्या जात नाहीत.’

‘आणि गोळ्या?’

तिने माझ्या हातातली बरणी घेऊन झाकण काढलं. आमच्याकडे चांगली बरणी कुणी टाकत नाही. सगळे दुकानदार तेच करतात. बरणी संपली की घाऊकवाला सुट्ट्या गोळ्यांची पिशवी देतो, ती बरणीत ओतायची. पिशवीवर काही छापलेलं नसतं, आणि ती दर वेळी एकाच ठिकाणची असेल असंही नाही. पहिली बरणी संपून दोन वर्षं होत आली होती. दोन वर्षं ताई त्या बरणीचं लेबल गल्लीला वाचून दाखवत होती, आणि आतल्या गोळ्यांबद्दल ते लेबल एक अक्षर बोलत नव्हतं.

‘मीच ओततेय रे,’ ती म्हणाली. ‘माझ्या हाताने.’

मी दोन गोळ्या कागदात बांधून लोट्याला नेल्या. जांभळ्या पेटीत शेजारी शेजारी दोन नळ्या ठेवल्या, एकीत गोळीचं पाणी, एकीत आमच्या पिंपातला रंग, चिमटीच्याही चिमटीइतका. दोन्ही सारख्याच पेटल्या. चमकणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मी स्वतःला बजावलं. बी जीवनसत्त्वाची गोळीही त्या प्रकाशात चमकते, आणि परवानगी असलेल्या एका तांबड्या रंगालाही हलकी चमक असते. पण ही चमक मी हजार वेळा पाहिली होती. या रंगाचं नाव रोडामाइन. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याचं बरं दिसलेलं नाही, म्हणून माणसाच्या पोटासाठी त्याला परवानगी नाही, थोडीसुद्धा नाही. स्वस्त आहे, डोळ्यांत भरतो, चिमूटभरात पोतं रंगतं, म्हणून कुठल्या तरी शेडमध्ये कुणी तरी तो पाकात टाकत होतं. तो आमच्याच कंपनीचा होता का, हे मला आजही ठाऊक नाही. मी ते शोधलं नाही आणि सांगायची माझी छातीही नाही.

टार्ट्राझिनला आम्ही इतके घाबरलो होतो, आणि ते बिचारं निदान सरकारच्या कागदावर तरी होतं. लेबलावर तेच येतं जे बनवणारा कबूल करतो. जे त्याला कबूल करायचं नाही ते कुठल्याच लेबलावर नसतं. पुढे खूप वर्षांनी एका नातेवाइकाने विलायतेहून गोळ्या आणल्या. त्या पाकिटावर रंगांची नावं होती आणि खाली इशारा होता, की याने मुलांच्या वागण्यावर आणि लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो. टार्ट्राझिन, तो नारिंगी पिवळा, दोन तांबडे, असे ते रंग. ताईने ते पाकीट कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं. म्हणाली, ‘सांगतात तरी.’

मी सोमवारी फोन केला. म्हटलं, बरणी गुपचूप समुद्रात ओत आणि विषय संपव. ती म्हणाली, ‘आणि ज्या पोरांनी खाल्ल्या ती पण ओतू?’ त्याच संध्याकाळी ती घरोघरी गेली. दारात उभी राहून म्हणायची, ‘मी दिलेल्या गुलाबी गोळ्या चांगल्या नाहीत. बरणीवरचं खरं होतं, आतलं नव्हतं. आता देऊ नका.’ काहींनी आभार मानले. काहींनी चहाला बसवलं आणि मग माझं पोर तर ठणठणीत आहे असं म्हटलं. एकीने दार लोटता लोटता विचारलं, ‘मग तुझ्या पोरीला गो?’ ताई म्हणाली, ‘तिला सगळ्यांत जास्त. तिला दुसरी चालतच नव्हती.’

डॉक्टरांनी भाचीला तपासलं. थोडं थोडं पोटात जाऊन पुढे काय होईल हे मी सांगू शकत नाही, ते म्हणाले, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. बंद करा, एवढंच हातात आहे.

अन्न-औषध खात्याचे निरीक्षक ताईने स्वतः बोलावले. ते भले गृहस्थ होते. म्हणाले, ‘बाई, तुमच्याकडून नमुना घेतला तर विकणारा म्हणून पहिलं नाव तुमचं लागेल, आणि तुमच्याकडे खरेदीचं बिलही नाही. मी घाऊकवाल्याच्या गोदामातच जातो.’ तिथे त्यांनी रीतसर गोळ्या विकत घेतल्या, पंचांसमोर नमुन्याचे तीन भाग करून सील केले, एक भाग सरकारी प्रयोगशाळेकडे पाठवला. अहवाल यायला वेळ लागतो, त्यांनी सांगितलं. तो आला तेव्हा त्यात तेच नाव होतं आणि घाऊकवाल्यावर खटला झाला. पण तो गॅदरिंगनंतर आला.

गॅदरिंगच्या आधी ताई शाळेतही गेली होती. नाच बसवणाऱ्या बाईंना तिने सगळं समजावून सांगितलं. बाईंनी मन लावून ऐकलं. त्या वाईट नव्हत्या, मुलांसाठी घसा फोडून घेणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, ‘अहवाल आलाय का?’ नव्हता. ‘मग आत्ताच कसं म्हणायचं?’ ताई म्हणाली, तुमच्या मुलांच्या जिभा बघा. बाई म्हणाल्या, ‘तेच तर म्हणतेय. ते इतकं सुंदर दिसतं.’

समारंभ संध्याकाळी होता. सभागृह खचाखच भरलेलं, मागे लोक उभे. ताई आणि मी मधल्या रांगेत. माझ्या डाव्या हाताला एक गृहस्थ बसले होते, मांडीवर कॅमेरा. समुद्राच्या नाचाआधी पडद्याच्या फटीतून मला आत दिसलं. बाई मुलांच्या रांगेतून चालल्या होत्या आणि प्रत्येकाच्या तळहातावर काहीतरी ठेवत होत्या. हातात बरणी होती. ताईची नव्हे, बाजारातल्या दुसऱ्या कुठल्या दुकानातली, कोपरे झिजलेलं छापील लेबल असलेली. त्यांनी बहुधा लेबल वाचूनच घेतली असणार.

मी उठलो. ताईने माझा शर्ट धरला. तिने ते पाहिलं नव्हतं. तिला वाटलं मी पाणी आणायला चाललोय. मी तिला सांगेपर्यंत दिवे गेले.

जांभळ्या नळ्या लागल्या. निळसर मासे आले, पोहू लागले. लोक टाळ्या वाजवायला लागले. मग पेटी वाजली आणि अंधारात तोंडं उघडली. तालमीत पाहिलं होतं त्याच्या दुप्पट तेज होतं, गोळ्या नुकत्याच चघळून झाल्या होत्या. सभागृहातून एकदम ‘अहा’ असा आवाज आला. पुढच्या रांगेत कुणीतरी आपल्या लहान मुलाला उंच धरून दाखवलं. टाळ्या थांबेनात. त्या जिभा गात होत्या, मिटत होत्या, पुन्हा पेटत होत्या, आणि मला त्यांच्यामागे एकही मूल दिसत नव्हतं. ताईचा हात माझ्या मनगटावर होता. तो गार होता. ती हळूहळू रांग बघत चालली होती, डावीकडून उजवीकडे, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता. ती काय शोधते आहे ते मला कळत होतं. मीही तेच शोधत होतो.

उजवीकडून तिसऱ्या जागी दोन मासे होते आणि वर काही नव्हतं. नुसता अंधार.

त्या अंधारातून आवाज येत होता. सर्दीसारखा थोडा बसलेला, सगळ्यांहून वरचा, ओळ संपल्यावरही अर्धा क्षण उरणारा. दम लागू नये म्हणून डॉक्टरांनी तिला पोट भरून श्वास घ्यायला शिकवलं होतं, त्यामुळे तिचा सूर लांब जायचा. ताईने माझं मनगट सोडलं आणि पदर तोंडाशी धरला.

माझ्या शेजारच्या गृहस्थाने कॅमेरा खाली केला, माझ्याकडे वाकला आणि स्टेजकडे बोट दाखवून म्हणाला, ‘सगळी किती छान गातायत. ते एक मूल मात्र तोंडच उघडत नाहीये.’